आरोपी जामिनावर गावात फिरतो आहे, तेव्हा जखमी माणसाच्या घरच्यांनी काय करावे?

प्रश्न : माझ्या पतींवर चार महिन्यांपूर्वी बांधाच्या वादातून शेजारच्या शेतकऱ्याने कोयत्याने वार केले. उजव्या हाताची तीन बोटे गेली. खाजगी दवाखान्यात एक लाख ऐंशी हजार रुपये खर्च झाला, त्यातले निम्मे उसने आहेत. पोलिसांनी खुनाच्या प्रयत्नाचे कलम लावले होते, तरी आरोपी महिन्याभरात जिल्हा न्यायालयातून जामिनावर सुटला आणि आम्हाला ते गावातल्या लोकांकडून कळले. आता तो गोठ्यापाशी येऊन म्हणतो, ‘कोर्टात मला ओळखलं नाही म्हणून सांग, नाहीतर दुसरा हातही ठेवणार नाही.’ पोलीस ठाण्यात गेले की ‘तपास चालू आहे’ एवढेच उत्तर मिळते. धमकीची नुसती एनसी लिहून घेतली. भरपाई निकाल लागल्यावरच मिळते का? आम्ही नक्की कोणाकडे जायचे? — एक शेतकरी भगिनी, सांगली जिल्हा

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रातली सर्वात तातडीची गोष्ट धमकीची आहे, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो आणि पैशांकडे नंतर येतो.

नुसती धमकी देणे हा नव्या कायद्यातही अदखलपात्र गुन्हा आहे. म्हणून ठाणे अंमलदार ‘धमकी दिली’ असे शब्द ऐकताच एनसी लिहितो, आणि न्यायालयाच्या परवानगीशिवाय एनसीचा तपास होत नाही. मात्र तुम्ही जे वाक्य लिहिले आहे ते साध्या धमकीचे नाही. ‘ओळखलं नाही म्हणून सांग’ याचा अर्थ न्यायालयात खोटी साक्ष दे, असा होतो. खोटी साक्ष देण्यासाठी कोणाला इजेची धमकी देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 232 खालचा स्वतंत्र गुन्हा आहे. तो दखलपात्र असून त्याला सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. तेव्हा तुमच्या तक्रारीत आरोपी नेमके काय बोलला ते त्याच्याच शब्दांत आले पाहिजे, कारण एनसी आणि दखलपात्र गुन्हा यांतला सारा फरक त्या एका वाक्यात आहे. मी अशिलांना साधारण असे लिहायला सांगतो : ‘अमुक तारखेस सायंकाळी साडेसहाच्या सुमारास मी गोठ्यात धार काढत असताना आरोपी मोटारसायकलवरून आला, गोठ्याच्या दाराशी उभा राहिला आणि मला म्हणाला की…’, पुढे त्याचे वाक्य जसेच्या तसे, आणि त्यानंतर ते ऐकणाऱ्या माणसाचे नाव. तक्रार दोन प्रतींत न्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का, तारीख व सही घ्यावी. पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून बाहेर पडू नये. तरीही गुन्हा नोंदवला नाही, तर तीच तक्रार स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवावी, आणि तेथूनही काही झाले नाही तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. हा क्रम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्येच सांगितलेला आहे. न्यायदंडाधिकारी आधीच्या दोन पायऱ्यांचा पुरावा पाहतात, म्हणून पोचेची प्रत आणि पोस्टाची पावती जपून ठेवा.

याच तक्रारीवर दुसरे काम उभे राहते, ते म्हणजे जामीन रद्द करून घेण्याचे. त्यासाठी जामिनाच्या आदेशाची प्रमाणित नक्कल लागेल. न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून ती मिळते. बहुतेक आदेशांत शेवटी अटी असतात. दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत गावात किंवा तालुक्यात येऊ नये, आठवड्यातून एकदा ठाण्यात हजेरी द्यावी, साक्षीदारांना भेटू नये किंवा त्यांच्यावर दबाव आणू नये, अशा त्या असतात. बरेचदा ही नक्कल जखमीच्या घरात कोणी पाहिलेलीच नसते, आणि गावबंदीची अट असलेला आरोपी रोज पारावर बसलेला असतो. अशी अट असेल आणि तो गावात फिरत असेल, तर त्याने काही न बोलताही अटीचा भंग झालेलाच आहे. गोठ्यापाशी येऊन तुम्हाला असे बोलणे हा तर सरळ साक्षीदारावर आणलेला दबाव आहे.

सत्र न्यायालयाने दिलेला जामीन रद्द करण्याचा अर्ज त्याच न्यायालयात करता येतो. तो सरकारी वकिलांमार्फत करता येतो आणि जखमी माणूस स्वतःच्या वकिलामार्फतही करू शकतो. मात्र एक मर्यादा आधीच सांगतो, म्हणजे निराशा होणार नाही. एकदा दिलेला जामीन काढून घेण्यास न्यायालये सहजासहजी तयार होत नाहीत. जामीन द्यायलाच नको होता, हे म्हणणे एक आणि जामीन मिळाल्यानंतर आरोपी असे वागला, हे म्हणणे दुसरे. तुमची बाजू दुसऱ्या म्हणण्यात मजबूत आहे, आणि त्यासाठी जामिनानंतरच्या घटना तारीखवार लागतात. ‘तो सारखा धमक्या देतो’ या वाक्यावर जामीन रद्द होत नाही. तीन तारखा, तीन वेळा, प्रत्येक वेळचा एक साक्षीदार आणि ठाण्याच्या शिक्क्याची एक प्रत, एवढ्यावर होऊ शकतो. आजपासून एका वहीत या नोंदी ठेवा. फोनवर बोलणे रेकॉर्ड झाले असेल तर तो फोन विकू नका, बदलू नका. रेकॉर्डिंग पुराव्यात आणताना प्रमाणपत्र जोडावे लागते आणि मूळ फोन हाताशी असला की ते काम सोपे होते.

जामिनाच्या वेळी तुम्हाला कोणी कळवले नाही, याविषयीही थोडे लिहिले पाहिजे. उत्तर प्रदेशातील लखीमपूर खीरी येथे 3 ऑक्टोबर 2021 रोजी शेतकऱ्यांना गाडीखाली चिरडल्याच्या प्रकरणात अलाहाबाद उच्च न्यायालयाने आरोपीला जामीन दिला होता. त्या ऑनलाइन सुनावणीत मृतांच्या कुटुंबीयांच्या वकिलांचा संपर्क तुटला होता आणि त्यांचे म्हणणे ऐकलेच गेले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये तो जामीन रद्द केला. गुन्हा घडल्यापासून पुढच्या प्रत्येक टप्प्यावर पीडिताला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे, असे त्या निकालात स्पष्ट सांगितले आहे. मात्र तुमच्यासारख्या प्रकरणात न्यायालय आपणहून नोटीस पाठवीलच, यावर विसंबून राहू नये. बलात्काराच्या काही गंभीर गुन्ह्यांत जामिनाच्या सुनावणीला फिर्यादीची हजेरी कायद्यानेच आवश्यक केलेली आहे. कोयत्याच्या वाराच्या प्रकरणात तशी तरतूद नाही. म्हणून पुढच्या वेळी आरोपीने काहीही अर्ज केला, अगदी गावबंदीची अट शिथिल करण्याचा केला, तरी त्यात तुमच्या वतीने वकीलपत्र आधीच दाखल असले पाहिजे.

संरक्षणाचा तिसरा मार्ग साक्षीदार संरक्षण योजनेचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 5 डिसेंबर 2018 रोजी महेंद्र चावला प्रकरणात ही योजना मंजूर करून देशभर लागू केली, आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 398 प्रमाणे राज्यांनी आपापली योजना अधिसूचित करायची आहे. तुमचे पती आणि तुम्ही दोघेही साक्षीदार आहात, त्यामुळे दोघांनाही अर्ज करता येतो. प्रत्येक जिल्ह्यात यासाठी जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती असते आणि जिल्ह्यातील अभियोग विभागाचे प्रमुख तिचे सदस्य सचिव असतात. व्यवहारात अर्ज सरकारी वकिलांच्या हाती देऊन पोच घेणे सोयीचे पडते. अर्ज आल्यावर उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांकडून धोक्याचा अहवाल मागवला जातो. तो पाच कामकाजाच्या दिवसांत यावा, असे योजनेत म्हटले आहे, आणि धोका तातडीचा असेल तर अहवालाची वाट न पाहता अंतरिम संरक्षण देता येते. अहवालात धोक्याच्या तीन श्रेणी असतात. तुमच्या बाबतीत हात तोडण्याची धमकी आहे आणि ती देणाऱ्याने पूर्वी खरोखरच बोटे तोडली आहेत, हे दोन्ही अर्जात शेजारी शेजारी लिहा, कारण त्यावरच श्रेणी ठरेल. अहवाल करणारे अधिकारी घरी येतील, तेव्हा त्यांना ती तारखांची वही दाखवा.

या योजनेतून दारात बंदूकधारी शिपाई उभा राहील, असे समजू नका. माझ्या पाहण्यात बहुधा गस्तीची गाडी घरावरून जाणे, ठाण्यातील एका अधिकाऱ्याचा मोबाइल नंबर मिळणे, तारखेच्या दिवशी न्यायालयापर्यंत सोबत आणि न्यायालयात आरोपी समोरासमोर येणार नाही अशी व्यवस्था, एवढे मिळते. आदेश एका वेळी तीन महिन्यांपर्यंतचा असतो आणि पुढे वाढवून घ्यावा लागतो. गावात मात्र याचा परिणाम होतो. जिल्हा न्यायाधीशांच्या समितीपुढे आपले नाव गेले आहे, हे आरोपीला कळले की गोठ्यापाशी येण्याआधी तो विचार करतो.

आता तपासाविषयी. आरोपी कोठडीत असेल तर तुमच्यासारख्या गुन्ह्यात पोलिसांना नव्वद दिवसांत दोषारोपपत्र दाखल करावेच लागते, नाहीतर त्याला आपोआप जामिनाचा हक्क मिळतो. तुमचा आरोपी महिन्याभरातच सुटला, त्यामुळे ती घाई संपली आणि तुमची फाइल मागे पडली असण्याची शक्यता मोठी आहे. अशा वेळी त्याच संहितेचे कलम 193 उपयोगी पडते. तपास कुठवर आला, हे पोलिसांनी नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचे आहे. ते व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलनेही कळवता येते. चार महिने झाले म्हणजे ती मुदत उलटून गेली आहे. प्रथम माहिती अहवालाची प्रत तुम्हाला विनामूल्य मिळालेली असेल. तिच्यावरचा गुन्हा रजिस्टर नंबर आणि वर्ष लिहून तपासी अंमलदारांना एक पानी अर्ज द्या, आणि त्यात ‘प्रगती कळवावी’ असे मोघम लिहू नका. कोयता जप्त झाला का व तो रासायनिक तपासणीला गेला का, खाजगी दवाखान्याकडून दुखापत प्रमाणपत्र आले का, वार होताना ज्यांनी पाहिले त्यांचे जबाब झाले का, आणि खुनाच्या प्रयत्नाचे कलम अजून कायम आहे का, हे चार प्रश्न विचारा. यातले दुखापत प्रमाणपत्र सर्वात जास्त रखडते. खाजगी डॉक्टर ते पोलिसांनी लेखी मागितल्याशिवाय देत नाहीत, आणि पोलीस डॉक्टरांनी दिले नाही म्हणून थांबतात. तुम्ही स्वतः दवाखान्यात जाऊन पोलिसांचे मागणीपत्र आले आहे का, एवढे विचारले तरी महिना-दोन महिने वाचू शकतात. बोटे कायमची जाणे ही कायद्याने जबर दुखापतच आहे. वाराची जागा, खोली आणि संख्या प्रमाणपत्रात नीट आली नाही, तर खुनाच्या प्रयत्नाचे कलम टिकवणे अवघड होते.

दोषारोपपत्र दाखल झाल्यावर त्याची आणि सोबतच्या कागदांची प्रत आता पीडितालाही विनामूल्य मिळते, आणि आरोपी हजर झाल्यापासून चौदा दिवसांत ती द्यायची आहे. परंतु कायद्याने येथे एक अट घातली आहे : पीडिताच्या वतीने वकील हजर असला पाहिजे. वकीलपत्र लवकर दाखल करावे, असे मी वर म्हटले त्याचे हे दुसरे कारण. त्यानंतर ई-कोर्ट्सच्या ॲपवर प्रकरणाचा 16 अक्षरी सीएनआर नंबर घालून ठेवला की पुढची तारीख घरबसल्या दिसते. तो नंबर माहीत नसेल तर गुन्हा नंबरावरूनही शोधता येतो. पोलिसांनी प्रकरण बंद करण्यासाठी ‘समरी’ पाठवली, तर त्याआधी फिर्यादीला नोटीस मिळालीच पाहिजे आणि तिला विरोध करण्याचा अर्ज करता येतो. तुमच्या प्रकरणात तशी वेळ येईल असे दिसत नाही.

वकिलाच्या फीची काळजी तुम्हाला वाटत असेल. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते आणि 15100 या क्रमांकावर फोन करूनही चौकशी करता येते. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, म्हणून धमकीची तक्रार आणि संरक्षणाचा अर्ज तुमच्या स्वतःच्या नावे करा. तुमच्या पतींसाठी सिव्हिल हॉस्पिटलमधून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढून घ्या. दिव्यांग व्यक्तीलाही उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि हेच प्रमाणपत्र भरपाईच्या अर्जालाही लागते. वकिलाकडून काय अपेक्षा ठेवायची, तेही सांगून ठेवतो. खटला सरकारी वकीलच चालवतात. तुमचा वकील त्यांना मदत करतो, प्रश्न सुचवतो आणि पुरावा संपल्यावर न्यायालयाच्या परवानगीने लेखी युक्तिवाद देतो. साक्षीदारांची उलटतपासणी तो स्वतः घेऊ शकत नाही.

भरपाईसाठी निकालापर्यंत थांबावे लागते, हा समज खरा नाही. दोन भरपाया वेगवेगळ्या आहेत, हे आधी लक्षात घ्यावे. एक आरोपीच्या खिशातून येते आणि ती दोषी ठरल्यावरच मिळते. दुसरी सरकारी निधीतून येते आणि तिचा आरोपी दोषी ठरण्याशी संबंध नाही. आरोपी सुटला किंवा सापडलाच नाही, तरीही ती देता येते. ही दुसरी भरपाई नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 396 खालची आहे आणि तिची रक्कम जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ठरवते. महाराष्ट्रात स्त्रिया व बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांसाठी ‘मनोधैर्य’ ही वेगळी योजना आहे, म्हणून पुष्कळांना वाटते की पुरुष जखमी असेल तर सरकारी भरपाई नाहीच. तसे नाही. इतर गुन्ह्यांतील पीडितांसाठी राज्याची स्वतंत्र नुकसानभरपाई योजना आहे आणि अवयव गमावणे किंवा कायमचे अपंगत्व येणे अशी नुकसाने तिच्या परिशिष्टात मोडतात.

तुमच्या प्रकरणात दोन अर्ज एकाच आठवड्यात करावेत. एक अर्ज प्राधिकरणाकडे करा, त्यात अंतरिम मदतीची मागणी वेगळ्या परिच्छेदात लिहा. संहितेत अंतरिम मदतीची स्पष्ट तरतूद आहे, आणि ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या किंवा न्यायदंडाधिकाऱ्यांच्या प्रमाणपत्रावर मोफत वैद्यकीय उपचारही देता येतात. हाताची आणखी एखादी शस्त्रक्रिया किंवा फिजिओथेरपी बाकी असेल तर त्याचा उपयोग करून घ्या. दुसरा अर्ज न्यायालयात करा, की भरपाईसाठी प्राधिकरणाकडे शिफारस करावी. शिफारस किंवा अर्ज मिळाल्यावर चौकशी करून दोन महिन्यांत पुरेशी भरपाई द्यावी, असे कायदा सांगतो. दोन्ही अर्जांना प्रथम माहिती अहवाल, डिस्चार्ज कार्ड, दवाखान्याची आणि औषधांची मूळ बिले, दिव्यांगत्व प्रमाणपत्र, आधार आणि बँक पासबुकाची प्रत जोडावी. बिले जोडताना लोक एक चूक करतात : दवाखान्याने दिलेली ‘एस्टिमेट’ची पाने जोडतात आणि पैसे भरल्याच्या पावत्या घरी ठेवतात. चौकशीत पावत्याच मोजल्या जातात. ज्यांच्याकडून उसने घेतले त्यांची नावे व रकमा एका साध्या कागदावर लिहून त्यांच्या सह्या घ्या. आणि फक्त दवाखान्याचा खर्च मागून थांबू नका. उजव्या हाताची तीन बोटे गेल्यावर धार काढणे, नांगर धरणे, ऊस तोडणे यातले काय बंद झाले, त्यासाठी मजूर किती दिवस लावावा लागला आणि त्याला किती रोज दिला, हेही लिहा. अर्जाला योजनेत मुदत असते. उशिराचे सबळ कारण दिल्यास ती शिथिल होते, पण चार महिने गेलेच आहेत, आणखी वाट पाहू नका.

परिशिष्टातल्या रकमांना कमाल मर्यादा असतात, त्यामुळे तुमचा सगळा खर्च सरकारी निधीतून निघेल, असे मी म्हणणार नाही. उरलेल्यासाठी निकालाच्या दिवसाची तयारी करावी लागेल. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये आपल्याच राज्यातील अंकुश शिवाजी गायकवाड प्रकरणात सांगितले आहे की, प्रत्येक फौजदारी खटल्यात आरोपीकडून भरपाई द्यावी की नाही, याचा विचार न्यायालयाने केलाच पाहिजे आणि देणार नसेल तर त्याची कारणे नोंदवली पाहिजेत. तरीही शिक्षेवरील युक्तिवादाच्या दिवशी भरपाईचा विषय कोणी काढतच नाही, कारण आकडे समोर नसतात. तेव्हा पावत्यांचा एक संच सरकारी वकिलांकडे आधीच देऊन ठेवा, आणि तुमच्या पतींच्या साक्षीत खर्चाचे व मजुरीच्या नुकसानीचे प्रश्न विचारायला सांगा, म्हणजे ते आकडे पुराव्यात येतील. आरोपी सुटला, कमी गंभीर कलमाखाली दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी दिली, तर पीडिताला स्वतः अपील करता येते. सुटकेविरुद्धच्या अशा अपिलाला वेगळी परवानगी लागत नाही, असा 2018 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे.

तुम्ही पत्रात लिहिले नाही, पण अशा प्रकरणांत पुढे जे घडते त्याविषयी सावध करतो. कोणीतरी मध्यस्थ येईल, दवाखान्याचा खर्च देतो म्हणेल आणि पाचशेच्या स्टॅम्पवर ‘आमची तक्रार नाही’ असे लिहून मागेल. खुनाच्या प्रयत्नाचा आणि धारदार हत्याराने जबर दुखापत केल्याचा गुन्हा कायद्याने तडजोडीस पात्र नाही, त्यामुळे त्या कागदाने खटला मिटत नाही. पण तो कागद आरोपीच्या वकिलाच्या हाती राहतो, आणि तुमचे पती पिंजऱ्यात उभे राहिले की तो त्यांना दाखवला जातो. कोणी पैसे देऊ केले, तरी कोणत्याही कागदावर सही किंवा अंगठा करण्याआधी आपल्या वकिलाला तो वाचायला द्या. मध्यस्थाचे नाव आणि तो आला ती तारीख त्याच वहीत लिहून ठेवा.